हर्णैच्या खलाशाची दाढ : थंड लॅटरल की गरम व्हर्टिकल?

दरवर्षी ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दापोलीच्या आमच्या दवाखान्यात हर्णै, पाजपंढरी, दाभोळ अशा बंदरांवरच्या खलाशांची गर्दी होते. दोन महिने ढकललेली दाढ आता बोट बाहेर पडायच्या आत उरकायची असते. त्यातल्याच एका पेशंटची खालची उजवी पहिली मोठी दाढ, म्हणजे ४६, समोर ठेवून हा लेख लिहिते आहे. नुकतेच बीडीएस होऊन दवाखान्यात आलेले मला नेहमी एकच विचारतात, "मॅडम, ऑब्च्युरेशनला लॅटरल चांगलं की वॉर्म?" या एकाच दाढेत मी दोन्ही वापरली, त्यामुळे तिच्यावरून सांगणं सोपं जाईल.

पेशंट अडतीस वर्षांचा. म्हणाला, "डॉक्टर, बोट निघाली की आठ-दहा दिवस दर्यावर. तिथं ठणकली तर बघायला कोण?" पहिल्या दिवशी साफसफाई करून आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवलं. सहा दिवसांनी तो परत आला तेव्हा दुखणं नव्हतं, ठोकून पाहिलं तरी त्रास नव्हता, सूज नव्हती. त्या दिवशी भरायचं ठरवलं.

भरतो म्हणजे नेमकं काय करतो

आधी एक समज नीट करून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. गटापर्चा दातात चिकटत नाही. त्याचा कोन कितीही घट्ट बसला तरी तो आणि कॅनलची भिंत यांच्यात फट राहतेच. ती फट बंद करतो तो सीलर. मग सगळा कॅनल सीलरनेच का भरू नये? कारण सीलर आवळतो किंवा ओलाव्यात थोडाथोडा विरघळतो, आणि थर जितका जाड तितकं हे नुकसान मोठं. म्हणून तो पातळ हवा. सीलरसाठीच्या आयएसओ ६८७६ मानकात थराची जाडी ५० मायक्रॉनपेक्षा जास्त नसावी आणि विरघळणं ३ टक्क्यांच्या आत असावं अशी अट आहे. तेव्हा गटापर्चाचं काम इतकंच : जागा व्यापायची आणि सीलरला भिंतीवर दाबून पातळ करायचं. ते दाबण्याच्या दोन रीती म्हणजे थंड लॅटरल आणि गरम व्हर्टिकल.

माझ्या पेशंटला हे लगेच समजलं. लाकडी होडीच्या फळ्यांच्या फटीत कापूस ठोकून वर राळ भरतात. नुसत्या कापसाने पाणी अडत नाही, आणि नुसती राळ ठेवली तर ती तडकते.

आपण ज्याला गटापर्चा म्हणतो त्या कोनमध्येही खरा गटापर्चा साधारण पाचवा हिस्साच असतो. उरलेला बहुतेक भाग झिंक ऑक्साइड, आणि क्ष-किरणात दिसावा म्हणून घातलेलं बेरियम सल्फेटसारखं द्रव्य. मूळ चीक मलायातल्या पॅलाक्वियम झाडाचा. ते झाड आपल्या घोलवडच्या चिकूच्या आणि बकुळीच्या कुळातलं आहे. हा चीक उष्णता आणि उजेडाने जुना होतो आणि मोडू लागतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपराखालच्या कपाटात ठेवलेला डबा वापरायला काढाल तर कोन वाकवताच तुटेल. डबा थंड, अंधाऱ्या जागी ठेवा आणि कामाआधी एक कोन वाकवून बघा. तुटला तर तो डबा बाजूला.

भरण्याआधीची तपासणी

या दाढेत तीन कॅनल होते. पुढच्या मुळात दोन अरुंद, एमबी आणि एमएल, आणि मागच्या मुळात एक रुंद डिस्टल. डिस्टलची वर्किंग लेंग्थ पहिल्या दिवशी २०.५ मि.मी. आली होती. आज हायपो, मग १७ टक्के ईडीटीए एक मिनिट, परत हायपो आणि शेवटी सलाइन, असं धुऊन पेपर पॉइंट घातला. बाहेर आला तेव्हा शेंड्याचा अर्धा मिलिमीटर ओला, गुलाबी.

इथे नवखा डॉक्टर आणखी पाच पॉइंट घालतो आणि "आता सुकलं" म्हणून पुढे जातो. तसं करू नका. पॉइंट कुठे ओला होतो ते वाचायला शिका. सगळाच ओला असेल तर पाणी राहिलं आहे, पुन्हा सुकवा. फक्त टोक ओलं होत असेल तर बहुतेक वेळा पॉइंट मुळाच्या बाहेर डोकावतो आहे. मधेच एका बाजूला रक्ताचा डाग दिसला तर भिंत फाटल्याची शंका घ्या. इथे टोक ओलं होतं, म्हणून मी एपेक्स लोकेटर पुन्हा लावला. लांबी २० आली. वरचा भाग रुंद केल्यावर फाइलचा रस्ता सरळ होतो आणि लांबी थोडी कमी भरते, तेच झालं होतं. पुढचा पॉइंट २० ला थांबवला तर कोरडा आला. हा अर्धा मिलिमीटर लक्षात आला नसता, तर कोन तेवढा बाहेर गेला असता.

मग शेवट किती रुंद आहे ते हाताने मोजलं. ३५ ची फाइल हलक्या हाताने २० च्या पुढे जात होती, ४० ची बरोबर २० ला अडकत होती. म्हणजे ४० च्या मापाचा पक्का थांबा आहे. गरम पद्धत करायची की नाही, याचं निम्मं उत्तर या थांब्यात असतं.

पुढच्या मुळात आणखी एक गोष्ट बघायची होती. एमबीत कोन १९.५ ला बसवला, एमएलमध्ये छोटी फाइल हलकेच घातली आणि कोन बाहेर काढून लूपखाली पाहिला. टोकापासून ४ मि.मी. वर ओरखडा होता. दोन्ही कॅनल तिथे एक होतात. तेव्हा एमबी पूर्ण लांबीला भरायचा आणि एमएल १५.५ ला. दोन्ही कोन शेवटपर्यंत रेटले तर दुसरा मधेच अडतो, आणि क्ष-किरणात आखूड दिसल्यावर आपण गोंधळतो.

डिस्टल : गरम व्हर्टिकल का

खालच्या दाढेचा डिस्टल कॅनल गोल नसतो. गालाकडून जिभेकडे तो लांबट असतो, वालाच्या दाण्यासारखा. फाइल फिरून गोल भोक करते, दोन्ही टोकांचे कोपरे तसेच राहतात. तिथे थंड कोन एकमेकांशेजारी लावले तर जिभेकडचा कोपरा बहुधा सीलरनेच भरतो, जाड थराने. फसवणारी गोष्ट अशी की आपला क्ष-किरण गालाकडून जातो. त्यात कॅनलची अरुंद बाजूच दिसते आणि फोटोत सगळं पांढरं, भरगच्च. नेमका जो दोष शोधायचा तो त्या बाजूने दिसतच नाही. म्हणून लांबट कॅनलचा दुसरा फोटो ट्यूब साधारण २० अंश तिरकी करून घ्याच.

गटापर्चा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास मऊ होऊ लागतो आणि ६० च्या जवळ त्याची स्फटिकी रचना मोडते. मऊ झाल्यावर दाबला की तो अशा कोपऱ्यांत शिरतो. हर्बर्ट शिल्डर यांनी १९६७ मध्ये ही व्हर्टिकल रीत मांडली. आज आपण तिचं सोपं रूप वापरतो, ज्यात तापणारा प्लगर एकाच झोकात खाली नेतात. हे दाढेवर असं केलं :

कोन घेतला ४० मापाचा, ४ टक्के टेपरचा. हायपोत एक मिनिट बुडवून निर्जंतुक केला, स्पिरिटने पुसला. २० ला घातला आणि ओढताना हलका चिकटपणा जाणवला, तोच टग-बॅक. फोटो घेतला. मग टोकाचा अर्धा मिलिमीटर कापला, कारण दाबाखाली तो तेवढा सरकतो.

यानंतर प्लगर, अजून थंड असतानाच, रिकाम्या कॅनलमध्ये घालून कुठे अडतो ते बघायचं. तो शेवटापासून ४ ते ५ मि.मी. वर अडायला हवा. इथे १५.५ ला अडला, म्हणजे साडेचार. तिथे रबर स्टॉप लावला. ही पायरी वगळू नका. गटापर्चातून उष्णता फार पुढे जात नाही, फार तर चार-पाच मिलिमीटर. प्लगर त्याहून वर अडला तर शेवटचा गटापर्चा थंडच राहतो, आणि आपण गरम पद्धत केली असं फक्त म्हणतो.

सीलर फक्त कोनच्या खालच्या भागावर, पातळ, पावावर तूप फासावं तितकाच. कोन हळू सरकवत बसवला. वर उरलेला भाग तोंडाशी तापल्या टोकाने कापला. मग २०० अंशांवर लावलेला प्लगर बटण दाबून एकाच हालचालीत खाली नेला आणि स्टॉपच्या साधारण ३ मि.मी. आधीच बटण सोडलं. या सगळ्याला तीन-चार सेकंद पुरतात. बटण सोडल्यावर प्लगर निवत निवत दाबाने उरलेलं अंतर जातो. तिथे दाब १० सेकंद तसाच धरायचा. गटापर्चा निवताना आकसतो, आणि त्या दहा सेकंदांचा दाब ते आकसणं भरून काढतो. घाई होते ती इथेच. शेवटी एक सेकंदाची उष्णता देऊन प्लगर काढला की वरचा गटापर्चा त्याला चिकटून येतो आणि खाली साडेचार मिलिमीटरचा तुकडा उरतो. हातातल्या छोट्या प्लगरने तो टोचून बघा. तुकडा प्लगरबरोबर वर आला असेल तर सगळं काढून पुन्हा.

उष्णतेला मर्यादा आहे. हाडाचं तापमान १० अंशांनी वाढून मिनिटभर टिकलं तर हाड मरू शकतं. म्हणून बटण चार सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नाही.

वरची जागा गनने ३-४ मि.मी.च्या टप्प्यांत भरली, प्रत्येक टप्पा दाबून. एकदम भरलं तर मधे पोकळी राहते, आणि ती पोकळी फोटोत काळी दिसते.

पुढचं मूळ : थंड लॅटरल का

एमबी कॅनल वाकडा होता. सगळ्यात बारीक प्लगरही शेवटापासून ७ मि.मी. वर अडत होता. वर सांगितलेल्या कारणाने इथे उष्णता खालपर्यंत पोचणार नव्हती. शिवाय या मुळाची मागची भिंत, दोन मुळांच्या मधली, पातळ असते. प्लगर पुढे जावा म्हणून कॅनल आणखी रुंद करणं मला मान्य नव्हतं.

थंड पद्धतीत नवख्यांची सर्वात मोठी चूक कोनच्या निवडीत होते. फाइल ६ टक्के टेपरची वापरली म्हणून कोनही ६ टक्क्यांचा घेतात. तो सगळा कॅनल व्यापतो, स्प्रेडरला जागाच उरत नाही. मग स्प्रेडर वरच्या वर फिरतो आणि चार बारीक कोन फक्त तोंडाशी घुसतात. फोटोत वर फुललेला झाडू आणि खाली एकटी काडी दिसली की समजा हेच झालं. मी कॅनल २५ मापाला ६ टक्के टेपरने तयार केला होता आणि मास्टर कोन घेतला २५ चाच, पण २ टक्क्यांचा. टोकाला घट्ट, वर मोकळा.

कोन आत असताना फिंगर स्प्रेडर लांबीच्या १ ते २ मि.मी. आत पोचला पाहिजे. माझा १८ पर्यंत गेला, म्हणजे दीड मिलिमीटर कमी. वाकड्या कॅनलसाठी निकेल-टायटॅनियमचा स्प्रेडर घ्या, तो वाकतो आणि मुळावर ताण कमी देतो. दाब फक्त बोटांचा, दहा-पंधरा सेकंद. मनगट लावलं तर मूळ उभं तडकू शकतं, आणि ती तडक कधी कधी वर्षभराने एका जागी खोल पॉकेट होऊन समोर येते. स्प्रेडर डावी-उजवीकडे फिरवत मोकळा करायचा, काढताक्षणी त्याच जागी त्याच्याहून एक माप लहान कोन सीलर लावून घालायचा. पुन्हा स्प्रेडर, पुन्हा कोन. स्प्रेडर तोंडाखाली दोन-तीन मिलिमीटरच जाऊ लागला की थांबा. एमबीत मास्टर धरून चार कोन बसले, एमएलमध्ये १५.५ पर्यंत तीन. वर कापण्याआधी फोटो घ्या, कारण याच वेळी सगळं ओढून काढून दुरुस्त करता येतं.

दोन कॅनलमधली चीर थंड कोन भरत नाहीत, हे खरं आहे. तिथे सीलरच जातो, आणि तोही धुऊन साफ झालेल्या जागेतच. म्हणून त्या मुळात हायपो अल्ट्रासॉनिक टोकाने हलवून जास्त वेळ दिला होता.

सीलर कोणता

मी या दाढेत इपॉक्सी रेझिनचा, एएच प्लस प्रकारचा, वापरला. तो दोन पेस्ट समान घेऊन होतो, कामाला भरपूर वेळ देतो आणि सेट व्हायला तासन्‌तास घेतो. एका दाढेत दोन पद्धती करायच्या असतील तर हा निवांतपणा फार उपयोगी पडतो.

बऱ्याच छोट्या दवाखान्यांत अजून झिंक ऑक्साइड युजेनॉल असतो. तो वाईट नाही, पण ओलावा आणि उष्णता दोन्हींनी लवकर घट्ट होतो, आणि कोकणात जुलैत दोन्ही भरपूर. पुस्तकात लिहिलेलं असतं की काचेची पाटी थंड करा. मी सुरुवातीला ती फ्रिजमधून काढायचे आणि सीलर मिश्रण करता करताच दगड व्हायचा. कारण इथल्या दमट हवेत थंड काचेवर लगेच पाणी सुटतं, आणि ते पाणीच सीलर लवकर घट्ट करतं. आता पाटी साधीच ठेवते, कोरडी पुसते, पावडर चिमटी-चिमटीने घालते आणि एका वेळी दोन कॅनलपुरतंच करते. स्पॅचुलाने उचलल्यावर इंचभर तार निघून तुटली की बरोबर. एकतारी पाक ओळखता येतो त्याला हे शिकवावं लागत नाही.

बायोसिरॅमिक सीलर भिंतीतल्या ओलाव्यावर सेट होतो, त्यामुळे त्याच्यासाठी कॅनल ठणठणीत कोरडा करू नये. शेवटचा पॉइंट किंचित दमट आला तर चालतो. गरम पद्धतीत वापरायचा असेल तर वेष्टनावर उष्णतेबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा, सगळे त्यासाठी बनवलेले नसतात. आणखी एक अडचण : तो कडक झाल्यावर कोन आखूड राहिलेला असेल, तर पुन्हा उघडून शेवटापर्यंत पोचणं फार अवघड जातं. पॅराफॉर्मल्डिहाइड असलेले पेस्ट मात्र कुठल्याही कारणाने वापरू नका. ते बाहेर गेले तर नस कायमची जाऊ शकते.

गरम पद्धत कुठे नाही

दोन्ही रीतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. नंतरचं दुखणं आणि दीर्घकाळचं यश यांत ठळक फरक निघाला नाही. गरम पद्धतीत गटापर्चा मुळाबाहेर जाण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं. मला हे स्वतःच्या चुकीतून कळलं. एका बाईंच्या खालच्या दुसऱ्या प्रीमोलरचं टोक झिजून रुंद झालेलं होतं. ६० ची फाइल न अडता बाहेर जात होती, म्हणजे थांबाच नव्हता. तरी मी गरम पद्धत केली आणि दोन मिलिमीटर गटापर्चा, त्यापुढे सीलर, मेंटल नसेच्या तोंडाजवळ गेला. ओठ बधिर झाला नाही, पण त्यांना चावताना तीन आठवडे दुखलं. त्या दाताला मी एमटीएचा थांबा घालायला हवा होता, किंवा कोनचं टोक मऊ करून त्या कॅनलच्या साच्याचं बनवून थंड भरायला हवं होतं. पेशंटला भूल उतरल्यानंतरही ओठ बधिर वाटत असेल तर वाट बघू नका. त्याच दिवशी फोटो आणि त्याच दिवशी सर्जनला फोन.

खलाशाच्या दाढेत शेवटच्या फोटोत डिस्टलच्या टोकाशी टाचणीच्या माथ्याएवढा सीलर बाहेर दिसला. तो तसाच राहू दिला. त्याला सांगितलं की दोन-तीन दिवस चावताना दुखेल, सूज आली तर मात्र बोट ज्या बंदराला लागेल तिथेच दाखव. कॅनलच्या तोंडांवर ग्लास आयोनोमर आणि वर कॉम्पोझिट त्याच बैठकीत भरलं. तात्पुरतं सिमेंट दहा दिवस दर्यावर टिकेल यावर मी विसंबले नाही, कारण वरून लाळ झिरपली तर खालचं सगळं भरणं वाया जातं. चावण्याची उंची थोडी कमी केली.

गणपतीत तो कॅपचं माप द्यायला आला. दुखणं दुसऱ्या दिवशीच थांबलं होतं म्हणाला. फेब्रुवारीत सहा महिन्यांचा फोटो घेतला, या वेळी सरळ आणि तिरका असे दोन. डिस्टलच्या टोकाचा काळा डाग पहिल्या फोटोपेक्षा निम्म्याहून कमी झाला होता. पुढचा फोटो पुढच्या बंदीत.